ढकलायचं नाही, सोडायचं: पोट साफ होण्यासाठी गुडघे, बैठका आणि कंबर

हेडफोन लावलेत ना? नसतील तर लावा, कारण आजचा विषय बसमध्ये स्पीकरवर ऐकायचा नाहीये. आज आपण संडासबद्दल बोलणार आहोत. पोट साफ न होण्याबद्दल. हसून घ्या एकदा, मी थांबतो.

झालं? तर सुरुवात माझ्यापासून करतो. मी सॉफ्टवेअरवाला, वय अठ्ठावीस, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. मागच्या वर्षी दिवाळीनंतर माझं गणित बिघडलं. आधी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग आठवड्यातून दोनदा. जायचो तेव्हा फोन घेऊन जायचो आणि वीस-पंचवीस मिनिटं कुंथत बसायचो. आई बाहेरून विचारायची, "अरे, आत झोपलास का?" आणि मग फेब्रुवारीत एका सकाळी काच कापल्यासारखं दुखलं आणि कमोडमध्ये लाल रक्त दिसलं.

तुम्हाला खरं सांगतो, त्या दिवशी मी ऑफिसला गेलोच नाही. गुगल करत बसलो आणि दुपारपर्यंत स्वतःला कॅन्सर झाल्याचं ठरवून मोकळा झालो. संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, फिशर आहे. म्हणजे गुदद्वाराच्या कडेची नाजूक त्वचा खड्यासारख्या कडक शौचामुळे चिरली होती. त्यांनी शौच मऊ करणारं सिरप दिलं, कोमट पाण्याच्या टबात बसायला सांगितलं, आणि एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मी म्हटलं, "फिजिओ? पोटासाठी?" मला वाटायचं फिजिओ म्हणजे गुडघा आणि मान. पण माझा खरा प्रॉब्लेम कुठे आहे ते मला तिथे कळलं.

त्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला तो पाणी किती पितोस, भाजी किती खातोस हा नव्हता. त्यांनी विचारलं, "तुला लागते केव्हा? आणि लागली की तू काय करतोस?"

मी विचार केला. मला लागायची सकाळी सव्वानऊ-साडेनऊला, नाश्ता झाल्यावर. आणि साडेनऊला आमचा स्टँड-अप कॉल. मग मी काय करायचो? दाबून ठेवायचो. कॉल संपेपर्यंत ती भावना गेलेली असायची. रोज. दीड वर्ष.

आता ही भावना का येते आणि का जाते ते समजून घेऊ, कारण पुढचे सगळे व्यायाम त्यावरच उभे आहेत. आपण काही खाल्लं की पोट ताणलं जातं आणि तिथून मोठ्या आतड्याला निरोप जातो, "पुढे माल येतोय, जागा करा." मग मोठं आतडं जोरात आकुंचन पावतं आणि आतला मळ खालच्या टोकाला, म्हणजे गुदाशयात ढकलतं. सकाळी उठल्यानंतर आणि नाश्त्यानंतर हा जोर सगळ्यात जास्त असतो. गुदाशय भरला की आपल्याला लागते. तेव्हा गेलो नाही तर गुदाशय सैल पडतो, भावना ओसरते आणि मळ तिथेच बसून राहतो. मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं. संध्याकाळपर्यंत त्याचा खडा झालेला असतो. आणि हे रोज केलं की गुदाशयाला भरलेलं असण्याची सवय होते. मग ती हाकच मंद होत जाते.

म्हणजे माझी फॅक्टरी चालू होती. गेट बंद होतं, आणि ते मीच बंद करत होतो.

गेटबद्दल जरा बोलू. आपल्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. त्यातला एक स्नायू गुदाशयाच्या मागून गोफणीसारखा वळसा घालतो आणि त्याला पुढे ओढून धरतो. पाण्याचा पाइप दुमडून धरल्यावर पाणी थांबतं ना, तसं. आपण उभे किंवा खुर्चीत ताठ बसलेलो असताना हा पाइप दुमडलेला असतो, आणि ते चांगलंच आहे, नाहीतर अवघड झालं असतं. शौचाच्या वेळी हा स्नायू सैल सुटायला हवा. उकिडवं बसलं, म्हणजे गुडघे छातीकडे आले, की तो वळसा आणखी मोकळा होतो आणि रस्ता सरळ होतो.

यावर एक छोटा अभ्यास आहे. २००३ साली डोव्ह सिकिरोव्ह या इस्रायली डॉक्टरांनी २८ निरोगी माणसांना नेहमीच्या उंचीचा कमोड, बुटका कमोड आणि उकिडवं बसणं अशा तिन्ही पद्धतींनी जायला सांगितलं आणि वेळ मोजायला लावली. नेहमीच्या कमोडवर सरासरी १३० सेकंद लागले आणि उकिडवं बसून ५१. माणसं कमी होती, त्यामुळे फार ताणू नका. पण आपल्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणेल, "यात अभ्यास कसला?"

माझ्या बाबतीत मात्र आणखी एक गोम होती. मी कुंथायचो तेव्हा पोटाने खाली जोर लावायचो आणि त्याच वेळी खालचा तो स्नायू आवळायचो. ऍक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम. आणि मला याचा पत्ताच नव्हता. ताईंनी आडवं झोपवून, पोटावर हात ठेवून जोर लावायला सांगितलं, तेव्हा माझं पोट आत खेचलं जात होतं आणि बूड आवळलं जात होतं. त्या म्हणाल्या, "तुला ढकलायला शिकायची गरज नाही. सोडायला शिकायची आहे."

तर आता व्यायाम. एकूण तीन. मी ते ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने सांगतो. वेळ सकाळची, उठल्यावर एक ग्लास पाणी पिऊन, रिकाम्या पोटी.

पहिला, गुडघे छातीशी. आई याला पवनमुक्तासन म्हणते आणि नावातच फायदा सांगितलाय, त्यामुळे शक्यतो बेडरूमचं दार लावून करा. पाठीवर झोपा. चटई किंवा सतरंजी बरी, मऊ गादीवर कंबर खाली बुडते. आधी उजवा गुडघा वाकवा, दोन्ही हातांनी नडगीला किंवा मांडीच्या मागून धरा आणि श्वास सोडत सोडत छातीकडे आणा. डावा पाय सरळ जमिनीवर. तिथे साधारण वीस सेकंद थांबा. थांबा म्हणजे श्वास थांबवू नका. चार-पाच संथ श्वास होऊ द्या. प्रत्येक श्वास घेताना पोट फुगून मांडीवर टेकतंय असं जाणवायला हवं. मग डावा, मग दोन्ही गुडघे एकदम. असं तीनदा. चार-पाच मिनिटांत होतं.

उजवा आधी का? योगात सांगतात तसं, कारण मोठं आतडं उजवीकडून वर चढतं, आडवं जातं आणि डावीकडून खाली उतरतं. क्रम छान आहे, पाळा. पण चुकून डावा आधी झाला म्हणून मळ उलटा फिरत नाही. टूथपेस्टच्या ट्यूबसारखं आतडं पिळून निघतं असंही नाही. काय होतं, तर पोटावर हलका दाब येतो, गॅस सरकतो, आणि मुख्य म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू लांबतात, सैल पडतात. आपल्याला तेच हवंय.

चूक कुठे होते? मी सुरुवातीला डोकं उचलून नाक गुडघ्याला लावायचो, कारण व्हिडिओत तसं दाखवलं होतं. तसं केलं की पोटाचे स्नायू कडक होतात, मान आखडते आणि श्वास अडकतो. डोकं खालीच राहू द्या. आणि गुडघा ओढताना दुखणं कमरेतून पायात उतरलं, मुंग्या आल्या, तर लगेच सोडा. स्लिप डिस्क असलेल्यांना हा व्यायाम त्रास देऊ शकतो. हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दुसरा, कंबर झुलवणं. इंग्रजीत पेल्विक टिल्ट म्हणतात. दिसायला इतका फालतू की मी पहिला आठवडा हा सोडूनच दिला होता. मला वाटलं, घाम येत नाही म्हणजे व्यायाम नाही. पण माझ्यासाठी सगळ्यात कामाचा हाच निघाला.

पाठीवरच राहा. दोन्ही गुडघे वाकवा, तळवे जमिनीवर, पायांत कमरेइतकं अंतर. आता कमरेच्या खाली एक हात सरकवून बघा, तिथे थोडी पोकळी असते. श्वास सोडा आणि कंबर त्या हातावर अलगद दाबा, जणू पोकळी पुसायची आहे. बूड उचलायचं नाही, फक्त माकडहाड किंचित वर वळतं. पाच सेकंद थांबा. मग श्वास घेत हळूच उलटं, पोकळी परत येऊ द्या, माकडहाड जमिनीकडे. असं दहा वेळा.

हात काढून घेतलात तरी चालेल, पण लक्ष मात्र एका ठिकाणी ठेवा. श्वास घेताना, म्हणजे पोकळी परत येताना, खाली बसायच्या हाडांमधली जागा थोडी रुंदावते, काहीतरी खाली उतरल्यासारखं वाटतं. ते 'उतरणं' म्हणजेच गेट उघडणं. मला ते कळायला नऊ-दहा दिवस लागले. आधी काहीच कळत नव्हतं. ताईंनी एक युक्ती सांगितली: आधी लघवी रोखल्यासारखं एकदा हलकं आवळ, मग सोड. फरक लगेच कळतो. पण हे फक्त ओळख पटवायला, एक-दोनदा. दिवसभर आवळत बसायचं नाही. आपल्याला त्याच्या उलट गोष्ट शिकायची आहे.

मग हेच कमोडवर न्यायचं. कसं? पायाखाली स्टूल, पुढे झुकायचं, कोपर मांड्यांवर. श्वास पोटात घ्यायचा, पोट पुढे फुगू द्यायचं, आणि ते फुगलेलं ठेवूनच तोंडाने सावकाश श्वास सोडायचा. सोडताना "मूऽऽ" असा आवाज काढायचा. हो, गाईसारखा. मीही असाच हसलो होतो. पण आवाज काढला की श्वास कोंडता येत नाही, आणि श्वास कोंडला नाही की कुंथता येत नाही. घरी पाहुणे असतील तर मनातल्या मनात म्हणा.

तिसरा, बैठका. इथे माझी फजिती झाली, ती सांगतो. मी म्हटलं, स्क्वॉट तर मला येतात, जिममध्ये जायचो मी. दुसऱ्याच आठवड्यात एका रविवारी जोशात पन्नास मारले, हातात दहा-दहा किलोचे डंबेल्स घेऊन, श्वास कोंडून. श्वास कोंडून वजन उचलणं आणि कुंथणं यात पोटाच्या आतल्या दाबाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दुसऱ्या दिवशी परत रक्त. फिशर भरत आलं होतं, ते पुन्हा उघडलं. ताई रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "तुला कोणी वजन उचलायला सांगितलं होतं?"

आपल्याला हव्यात त्या दोन साध्या गोष्टी. एक, खुर्चीच्या बैठका. खुर्चीसमोर उभं राहायचं, श्वास घेत बूड मागे नेत खुर्चीला टेकेपर्यंत खाली, श्वास सोडत वर. दहा वेळा, बास. याने मांड्या चालतात आणि रात्रभर आडवं पडलेलं शरीर हलतं. चालण्याने जसं आतडं जागं होतं तसंच हे.

दुसरी गोष्ट, उकिडवं बसून राहणं. आपले आजी-आजोबा तांदूळ निवडताना, गप्पा मारताना बसायचे तसं. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, बोटं किंचित बाहेर, सावकाश खाली, पोट मांड्यांच्या मध्ये. तीस सेकंदांपासून सुरू करा, एक मिनिटापर्यंत जा. इथे बसूनही तेच करायचं: पोटात श्वास, खाली सैल.

आता यात आपल्या पिढीची गंमत अशी की आपल्या टाचाच टेकत नाहीत. दिवसभर खुर्ची, पायात बूट, पोटऱ्या आणि घोटे आखडलेले. टाचा उचलल्या की माणूस चवड्यांवर तोल सांभाळत बसतो, आणि तोल सांभाळणाऱ्या माणसाचं काहीही सैल सुटत नाही. उपाय सोपा आहे. टाचांखाली घडी केलेली चादर किंवा जाड पुस्तक घ्या आणि समोर दाराची चौकट किंवा पलंगाचा पाय धरा. मी सुरुवातीला कॉलेजचं डेटा स्ट्रक्चर्सचं पुस्तक घ्यायचो. चार वर्षांत पहिल्यांदा उपयोगी आलं. महिन्याभरात घडी पातळ करत जाता येतं. पण गुडघ्यात पुढच्या बाजूने टोचलं तर बसू नका, त्यांच्यासाठी स्टूल आहे.

त्या स्टूलबद्दल जरा सांगतो, कारण घरोघरी हा प्रश्न आहे. आमच्या सोसायटीत नूतनीकरण झालं तेव्हा सगळ्यांनी भारतीय संडास काढून कमोड बसवले. बाबांच्या गुडघ्यांसाठी ते गरजेचंच होतं. बाबांना उकिडवं बसता येत नाही, आणि त्यांनी बसूही नये. पण कमोडवर बसून पायाखाली सात ते नऊ इंचांचं काहीतरी घेतलं की गुडघे कमरेच्या वर येतात आणि पुढे झुकलं की बराचसा तोच कोन मिळतो. बाजारात यासाठीचं खास स्टूल मिळतं. आम्ही आंघोळीचं प्लास्टिकचं स्टूल वापरतो. जेवायचा पाट नको, तो फार बुटका पडतो, आणि आई मारेल. एकच काळजी, फरशी ओली असेल तर स्टूल सरकतं. खाली रबरी मॅट टाका, विशेषतः घरात वयस्कर माणसं असतील तर.

आता हे सगळं एकत्र कसं चाललं, ते माझ्या शीटवरून सांगतो. हो, मी एक्सेल शीट केली होती, सवयीचा परिणाम. चार रकाने: किती वाजता, किती मिनिटं, कुंथावं लागलं का, आणि प्रकार. प्रकार म्हणजे ब्रिस्टल चार्टवरचा नंबर. ब्रिस्टल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये मांडलेला तक्ता आहे, शौचाचे सात प्रकार. एक म्हणजे बकरीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, सात म्हणजे निव्वळ पाणी. तीन आणि चार चांगले. एक-दोन म्हणजे आत फार वेळ राहिलंय.

पहिल्या आठवड्यात तीन नोंदी, सगळ्या एक-दोन नंबरच्या, प्रत्येकी वीस मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात सिरपमुळे नंबर तीनवर आला, पण कुंथणं तसंच. मळ मऊ झाला तरी गेट बंदच होतं ना! आणि त्याच आठवड्यात ती डंबेल्सची हुशारी. तिसऱ्या आठवड्यात मी दोन बदल केले. नाश्ता सव्वाआठला आणला, आणि पावणेनऊला लागो न लागो, कमोडवर जाऊन बसायचो. फोन बाहेर. जास्तीत जास्त दहा मिनिटं. नाही झाली तर उठायचं, कुंथायचं नाही. चौथ्या आठवड्यात चार दिवस झाली, त्यातली दोनदा पाच मिनिटांच्या आत. सहाव्या आठवड्यात सातपैकी सहा दिवस, नंबर तीन-चार, कुंथणं शून्य. सिरप डॉक्टरांनी त्यानंतर हळूहळू कमी केलं. मी मनाने बंद केलं नाही, तुम्हीही करू नका.

मधे एक आठवडा मात्र साफ कोसळला. रिलीज होती, रात्री दोनपर्यंत काम, सकाळी उठलो तोच कॉलसाठी. गंमत म्हणजे मी व्यायाम चुकवला नव्हता! दुपारी बारा वाजता चटई टाकून तिन्ही प्रकार प्रामाणिकपणे केले. दोन दिवस काहीच नाही, तिसऱ्या दिवशी परत खडा. तेव्हा कळलं की नुसत्या चटईवरच्या कसरतीने काही होत नाही. नाश्त्यानंतरची ती हाक आणि बसायची वेळ जुळली तरच व्यायामाचा उपयोग. त्यानंतर मी एक काम केलं जे मला सगळ्यात अवघड गेलं. मॅनेजरला सांगून स्टँड-अप पंधरा मिनिटं पुढे ढकलला. कारण सांगितलं "पर्सनल". दुसऱ्या दिवशी टीममधल्या एकाने खासगीत मेसेज केला, "भावा, थँक्स. मलाही त्याच वेळेला लागते."

आता डेस्कवरचं. हे पटकन सांगतो, कारण पटकन करायचंच आहे. याने थेट पोट साफ होत नाही, पण तासन्तास घडी घातल्यासारखं बसून पोट आणि कंबर आखडतात, ते सुटतं. पन्नास मिनिटांचा टायमर लावा. वाजला की खुर्चीच्या पुढच्या कडेला या, पाय जमिनीवर, आणि मगाशी झोपून केलं तेच बसून करा: माकडहाडावर मागे गोल व्हा, मग बसायच्या हाडांवर पुढे या. आठ-दहा वेळा. कॉल चालू असताना कॅमेऱ्यात कुणाला कळतही नाही. मग उजवा हात डाव्या गुडघ्याच्या बाहेर ठेवून सावकाश डावीकडे वळा, तीन श्वास, नंतर दुसरी बाजू. चाकाची खुर्ची असेल तर आधी पाय नीट रोवा, नाहीतर खुर्चीच फिरते आणि तुम्ही आहात तिथेच. मग उभे राहा, एक पाय मागे टाका, मागच्या पायाचं बूड हलकं आवळा, म्हणजे जांघेत पुढून ताण येतो. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेकंद. आणि बाटली भरायला चालत जा. ऑफिसबॉयला सांगू नका.

जेवणानंतर लगेच गुडघे छातीशी घेऊ नका, आंबट ढेकर वर येतात. दोन तास जाऊ द्या. जेवणानंतर शतपावली पुरे.

एक गोष्ट आवाज न चढवता पण स्पष्ट सांगतो. रक्त दिसलं तर "मूळव्याध असेल" म्हणून घरी बसू नका. माझं फिशर निघालं, पण ते डॉक्टरांनी बघितल्यावर कळलं, गुगलवर नाही. रक्त, कारण नसताना वजन कमी होणं, काळं डांबरासारखं शौच, किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं, यातलं काही असेल तर व्यायाम नंतर, आधी डॉक्टर. आणि पोट फुगलंय, उलट्या होतायत, गॅसही सरकत नाहीये, अशी अवस्था असेल तर चटई गुंडाळा आणि थेट हॉस्पिटल गाठा. बाबांच्या वयाच्या माणसाची सवय अचानक बदलली तरी दाखवून घ्यायचं.

आणि चार-सहा आठवडे सगळं मनापासून करूनही गेट उघडत नसेल, मऊ शौचालाही कुंथावं लागत असेल, तर त्यासाठीही उपचार आहे. बायोफीडबॅक म्हणतात. सेन्सर लावून स्क्रीनवर दाखवतात की तुम्ही स्नायू आवळताय की सोडताय. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही. पोटाच्या डॉक्टरांना किंवा पेल्विक फ्लोअर बघणाऱ्या फिजिओला नेमकं हेच सांगा, की मऊ असूनही बाहेर येत नाही. नुसतं "पोट साफ होत नाही" म्हटलं की बहुतेकदा आणखी एक चूर्ण हातात पडतं.

बाबांचं सांगायचं राहिलं. त्यांनी स्टूल पहिले दोन आठवडे वापरलंच नाही. "लहान मुलासारखं काय ते" म्हणाले. मग एका सकाळी मी आत गेलो तर स्टूल कमोडच्या पुढे, नीट मधोमध ठेवलेलं. मी काही बोललो नाही. तेही नाही. पण आता सकाळी पावणेनऊला आमच्या घरी रांग लागते, आणि आतून कधी कधी हळूच "मूऽऽ" ऐकू येतं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आज रात्री झोपण्याआधी सकाळचा अलार्म वीस मिनिटं अलीकडे घ्या.